अध्यक्षपद नाकारताना सभेत काय बोलावे?

*मी सांगलीच्या गावभागातील एका सांस्कृतिक मंडळाची नऊ वर्षे कार्यवाह आहे. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. अध्यक्ष सर बारा वर्षांनंतर पद सोडत आहेत आणि संस्थापक सभासद अण्णा माझे नाव सुचवणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे आधी लेखी अर्ज घेत नाहीत, नावे सभेतच सुचवतात. मला हे पद घ्यायचे नाही. कारण घरचे आहे आणि ते चारचौघांत सांगायचे नाही. अण्णांना मी दोनदा नाही म्हटले. ते हसले आणि "सभा काय ते ठरवील" म्हणाले. याच माणसांनी 2019 च्या पुरात मंडळाची वाद्ये आणि वह्या वाचवल्या, मला घरच्यासारखे वागवले. त्यांना न दुखवता, पण पुन्हा आग्रहाला जागा न ठेवता, मी काय बोलू?*

*— एक कार्यवाह, सांगली*

ताई, सप्रेम नमस्कार.

अण्णा हसले, त्या हसण्यातच तुमची अडचण आहे. आपल्याकडे पहिला नकार हा नकार म्हणून ऐकलाच जात नाही, तो विनय म्हणून ऐकला जातो. पंगतीत "नको, नको" म्हणणाऱ्याच्या पानात वाढपी हमखास आणखी एक जिलबी टाकतो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते, कारण आग्रह करणे हे त्याचे कर्तव्य आणि आधी नको म्हणणे ही जेवणाऱ्याची रीत. वाढपी थांबतो तो पानावर हात आडवा धरलेला दिसला की. तुमच्या भाषणाला नेमके हेच साधायचे आहे. शब्द आदराचे असावेत, पण ऐकणाऱ्याला आडवा हात दिसला पाहिजे.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सभेत माझे नाव अध्यक्षपदासाठी सुचवले गेले. मला ते नको होते. मी उठलो, "आपण माझ्यावर जो विश्वास दाखवलात" असे म्हणून सुरुवात केली, पहिली पाच-सहा मिनिटे संस्थेचे उपकार आठवत राहिलो आणि शेवटी "या पदासाठी माझी पात्रता आहे असे मला वाटत नाही" असे म्हणालो. पुढच्या दोन वक्त्यांनी माझी पात्रता सिद्ध करणारी भाषणे केली, टाळ्या झाल्या आणि पीठासीन अध्यक्षांनी माझी निवड बिनविरोध झाल्याचे जाहीर करून टाकले. पाच महिन्यांनी मला राजीनामा द्यावा लागला. ज्यांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना तो राजीनामा फसवणुकीसारखा वाटला, आणि तसे वाटण्याला मी स्वतः कारण होतो. सभेत नाव नाकारल्याने लोक चार दिवस हळहळतात. पद घेऊन सोडले तर ते पुष्कळ दिवस विसरत नाहीत.

यातून मी जे शिकलो ते म्हणजे भाषणातील क्रमाचे महत्त्व. पद स्वीकारणाऱ्याचे आणि नाकारणाऱ्याचे भाषण आपल्याकडे एकाच वाक्याने सुरू होते. विश्वास, प्रेम, ऋण हे शब्द कानावर पडले की सभागृहाला स्वीकृती मिळाल्यासारखे वाटते आणि टाळ्यांची तयारी सुरू होते. आभार जितके लांबतील तितकी ती खात्री पक्की होते, आणि मग दहाव्या मिनिटाला आलेला नकार कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. म्हणून सूचक आणि अनुमोदक यांचे आभार एका-दोन वाक्यांत मानावेत, लगेच नकार द्यावा, आणि आभाराचा मोठा भाग त्यानंतर ठेवावा. नकार आधी झालेला असला की पुढचे आभार हे निव्वळ आभार म्हणून ऐकले जातात. त्यांत स्वीकृतीची आशा कोणी शोधत बसत नाही.

भाषणापूर्वी मात्र दोन गोष्टी कराव्या लागतील. पहिली म्हणजे सभेच्या तीन-चार दिवस आधी अध्यक्ष सरांना एक लेखी पत्र द्या. त्यात एवढेच लिहा: "येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवले गेल्यास मी ते नामनिर्देशन स्वीकारणार नाही. या पदासाठी माझी संमती नाही, याची कृपया नोंद घ्यावी." खाली सही आणि तारीख घाला, आणि एका प्रतीवर सरांची पोच घ्या. मग तेच पत्र घेऊन अण्णांच्या घरी जा, त्यांना ते वाचून दाखवा. अण्णांनी आजवर तुमचा तोंडी नकार ऐकला आहे. सहीचा कागद हा निराळा असतो. त्यानंतरही त्यांना नाव सुचवायचे असेल तर सुचवू द्यावे. एका ज्येष्ठाला आपल्या मंडळाच्या कार्यवाहाचा भरसभेत मान करायचा असेल, तर तो हक्क त्यांच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. फक्त तुमचे उत्तर काय असेल हे त्यांना आधी कळलेले असावे, म्हणजे सभेत त्यांच्या चेहऱ्यावर धक्का दिसणार नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या कार्यवाह असण्यामुळे आली आहे. विषयपत्रिकेतील विषय तुम्हीच वाचणार आणि इतिवृत्तही तुम्हीच लिहिणार. अध्यक्षांच्या निवडीचा विषय येईल तेव्हा वाचन आणि लेखन दोन्ही सहकार्यवाहांकडे सोपवा आणि तुम्ही सभासदांत जाऊन बसा. तुम्ही मंचावर सरांच्या शेजारी बसलेल्या राहिलात, तर लोकांच्या डोळ्यांना तुम्ही पुढच्या अध्यक्ष दिसू लागता.

आता उभे कधी राहायचे. आधी सूचक नाव सुचवतात, मग अनुमोदन होते, मग पीठासीन अध्यक्ष आणखी नावे आहेत का असे विचारतात, आणि आणखी नाव नसेल तर निवड जाहीर होते. तुमची जागा अनुमोदनाच्या लगेच नंतरची आहे. त्याआधी बोललात तर अण्णांचे बोलणे तोडल्यासारखे होईल. निवड जाहीर झाल्यावर बोललात तर ते नामनिर्देशन नाकारणे राहत नाही, तो निवडून आलेल्या अध्यक्षांचा राजीनामा होतो. छोट्या मंडळांत ही मधली वेळ काही सेकंदांचीच असते, कारण अनुमोदनाबरोबर टाळ्या सुरू होतात आणि टाळ्यांनाच मतदान मानले जाते. म्हणून सरांना आधीच सांगून ठेवा की अनुमोदन झाल्यावर त्यांनी तुमचे नाव घेऊन "आपले म्हणणे काय?" असे विचारावे. टाळ्या चालू असल्या तरी उभ्या राहा. त्या थांबेपर्यंत काही बोलू नका, हातही जोडू नका. जोडलेले हात सभागृहाला होकार वाटतात.

भाषणाचा मसुदा मी पुढे देतो. तो अडीच-तीन मिनिटांत संपतो आणि तेवढाच असावा. पुराचा प्रसंग तुमच्या पत्रातून घेतला आहे; बाकीचे तपशील मी अंदाजाने घातले आहेत, ते खऱ्या माणसांप्रमाणे बदलून घ्या.

"माननीय अध्यक्ष, ज्येष्ठ सभासद आणि मित्रमैत्रिणींनो, अण्णांनी अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवले आणि वहिनींनी त्याला अनुमोदन दिले. हा मान फार मोठा आहे आणि मी दोघांची ऋणी आहे. वैयक्तिक कारणामुळे मी हे नामनिर्देशन स्वीकारत नाही. हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला आहे आणि अध्यक्षांना तो आधीच लेखी कळवला आहे. माझे नाव मतास टाकू नये, अशी माझी सभेला विनंती आहे.

आता मला आभार मानायचे आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात चढू लागले, तेव्हा आपल्या खोलीतील हार्मोनियम, तबले आणि इतिवृत्ताच्या जुन्या वह्या डोक्यावर घेऊन ज्यांनी वरच्या मजल्यावर पोचवल्या, ते आज इथेच बसलेले आहेत. त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या घरात त्या वेळी पाणी शिरत होते. मघाशी मी मागील सभेचे इतिवृत्त ज्या कपाटातून काढून वाचले, त्या कपाटातल्या वह्या त्यांच्यामुळे शिल्लक आहेत. मी त्यांचे आभार या सभेत कधी मानले नव्हते, ते आज मानते.

खजिनदारांनी नऊ वर्षांत एकही पावती हिशेबाबाहेर राहू दिली नाही, म्हणून लेखापरीक्षकांसमोर मला कधी मान खाली घालावी लागली नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर सतरंज्या घडी करून, खुर्च्या मोजून, दिवे बंद करून सर्वांत शेवटी घरी जाणारे जे चार जण आहेत, त्यांची नावे अहवालात येत नाहीत. मी ती आज घेते. (येथे चौघांची नावे.) आणि सर, माझ्या हातून पत्रव्यवहारात चुका झाल्या तेव्हा आपण त्या सभेत कधी दाखवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी बोलावून दाखवल्या. कार्यवाह म्हणून मला जे येते ते मी त्या घरी शिकले.

कार्यवाहपदाची माझी मुदत आज संपते आहे. 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाच्या कार्यक्रमाची जी कामे मी हाती घेतली आहेत ती मी पूर्ण करीन, आणि मंडळाचे सर्व दप्तर नव्या कार्यवाहांकडे यादीनिशी सोपवीन. मी मंडळाची सभासद आहे आणि राहीन. धन्यवाद."

एवढे बोलून खाली बसा.

यातील नकाराच्या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण सगळा भार त्यावर आहे. "स्वीकारत नाही" हे शब्द ऐकायला थोडे कोरडे वाटतील आणि सभेत उभे राहिल्यावर ते मऊ करण्याचा मोह होईल. "स्वीकारणे कठीण वाटते", "तूर्तास शक्य होईलसे दिसत नाही", "मला यातून मुक्त करावे" असे काहीतरी तोंडी येईल. यातले प्रत्येक वाक्य आग्रहाला दार उघडून देते. कठीण असेल तर आम्ही सोपे करू, तूर्तास नसेल तर दिवाळीनंतर, आणि मुक्त करणे जर सभेच्या हातात असेल तर सभा मुक्त करणार नाही. "या वर्षी" हा शब्द तर फक्त पुढच्या वर्षी घ्यायचे मनात असेल तरच उच्चारावा. क्षमाही मागू नका. तुम्ही काही अपराध करत नाही, आणि क्षमा मागितली की मोठी माणसे क्षमा करून पुन्हा तोच आग्रह करतात.

कारणाबद्दल तुमची भूमिका मला पूर्ण पटते, आणि ती केवळ खासगीपणासाठी नव्हे. सभेत सांगितलेले कारण हा सभेचा विषय होतो, आणि आपली माणसे मदतीला इतकी तत्पर असतात की त्या कारणावर तिथेच उपाय निघू लागतात. वेळ नाही म्हटले तर कामे वाटून घेतली जातील. तब्येतीचे कारण दिले तर "तुम्ही फक्त सह्या करा" असे सुचवले जाईल. तरुणांना संधी द्यावी म्हटले तर "तरुणांच्या डोक्यावर तुमचा हात हवा" हे उत्तर तयार असते. म्हणून "वैयक्तिक कारण" या दोन शब्दांवर थांबावे. खोटे कारण मात्र कधीही देऊ नये. गावभागात किंवा विश्रामबागेत कुणाच्या घरी काय चालले आहे हे कळायला फार दिवस लागत नाहीत, आणि ज्या माणसांचे तुम्ही इतक्या मनापासून आभार मानलेत त्यांना खोटे सांगितल्याचे दुःख तुम्हालाच अधिक होईल.

"फक्त सह्या करा, नावापुरत्या अध्यक्ष राहा" या सूचनेबद्दल सावध करायला हवे, कारण ती प्रेमाने येते आणि निरुपद्रवी वाटते. तुमचे मंडळ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेले असेल तर पदाधिकारी बदलल्यावर 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कार्यवाह म्हणून तो तुम्ही पाहिलेला असणार. त्यासोबत सभेची नोटीस, इतिवृत्त आणि नव्या व्यक्तींची संमतीपत्रे जोडण्याची पद्धत आहे. बँकेतील सह्यांचे अधिकार बदलतात ते वेगळेच. नावापुरते म्हणून घेतलेले पद या सगळ्या कागदांवर पूर्ण पद असते, आणि पुढे हिशेबाचा किंवा मालमत्तेचा प्रश्न निघाला तर विचारणा त्या नावालाच होते. माझ्या त्या पाच महिन्यांत संस्थेला दोनदा बदल अर्ज करावा लागला आणि दोन्ही वेळा धावपळ दुसऱ्यांनी केली.

नकारानंतर दुसरे कोणी उठण्याची शक्यता आहे. "ताई, आम्ही तुमचे ऐकणार नाही," असे कोणीतरी म्हणेल आणि सभागृह हसेल. तेव्हा तुम्ही एकदाच उभ्या राहा आणि मघाचेच वाक्य, त्याच शब्दांत, पुन्हा म्हणा: "मी हे नामनिर्देशन स्वीकारत नाही." नवे कारण नको, नवे आभार नकोत. शब्द बदलले की निर्णय हलतो आहे असे वाटते; तेच शब्द पुन्हा आले की ऐकणारा थांबतो. त्याच वेळी सरांनी तुमचे पत्र सभेत वाचून दाखवावे. पत्राची तारीख ऐकली की निर्णय आजच्या संकोचातून आलेला नाही हे सर्वांना कळते. तिसऱ्यांदा मात्र उभ्या राहू नका. पुढचे काम पीठासीन अध्यक्षांचे आहे, त्यांनी "अन्य सूचना असल्यास मांडावी" म्हणून सभा पुढे न्यायची आहे.

ती अन्य सूचना तयार असली पाहिजे, आणि इथे बहुतेक नकार फसतात. सभेपुढे एकच नाव असेल तर तुमच्या नकाराने खुर्ची रिकामी राहते, आणि रिकामी खुर्ची दिसली की आग्रह जबरदस्तीकडे झुकू लागतो. पण दुसरे नाव तुम्ही तुमच्या भाषणात सुचवू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याला मान मिळाला त्याने तो नाकारून दुसऱ्याकडे सरकवला, तर त्या दुसऱ्याला आयुष्यभर "ताईंनी नको म्हटले म्हणून मी" असे ऐकावे लागते. योग्य वाटणाऱ्या व्यक्तीशी सरांनी सभेपूर्वी बोलावे, तिची संमती घ्यावी, आणि नाव तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, शक्य झाल्यास अण्णांनीच, सुचवावे. अण्णांना हे आधी विचारता आले तर त्यांचा मानही राहतो, कारण मग त्यांची सूचना वाया गेली असे होत नाही. ते पहिले नाव मागे घेतात आणि दुसरे पुढे करतात. सभेत आणखी कोणाचे नाव आले तर तेही घेतले जावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे ही तयारी सभेच्या पाठीमागे केलेली ठरत नाही.

आभारांबद्दल एक सांगतो. "सर्व ज्ञात-अज्ञात सहकाऱ्यांचे आभार" हे वाक्य कृपा करून टाळा. ते प्रत्येक आभारप्रदर्शनात असते आणि त्यात कोणीच नसते. पुरात वह्या उचलणाऱ्यांना त्या वह्यांसाठी धन्यवाद मिळाले, तर तुमच्या नकाराने त्यांना वाईट वाटले तरी आपण दुरावलो असे वाटणार नाही. मात्र तीन-चार प्रसंगांवर थांबा. नऊ वर्षांचे सगळे सांगायला गेलात तर तो निरोपाचा समारंभ होईल, आणि तुम्ही मंडळ सोडत नाही. पुढच्या कामाचे आश्वासनही याच कारणाने मोजके ठेवले आहे. "मी सदैव मंडळाच्या पाठीशी आहे" म्हटले की उद्यापासून सगळी कामे पाठीशीच येतात. 5 नोव्हेंबरचा कार्यक्रम आणि दप्तराची सोपवणूक, ही दोन्ही कामे संपण्याची वेळ ठरलेली आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच गावात नाटक उभे केले, त्यामुळे तो दिवस सांगलीत कोणी हलका घेत नाही, आणि ते काम अर्धे न सोडणारी कार्यवाह जबाबदारी टाळते आहे असे कोणी म्हणणार नाही.

शेवटचे काम सभेनंतरचे. सहकार्यवाहांनी लिहिलेले इतिवृत्त त्याच संध्याकाळी पाहून घ्या. "सभेच्या आग्रहानंतरही ताईंनी नम्रपणे असमर्थता दर्शवली" अशी नोंद सवयीने लिहिली जाते आणि ती चुकीची आहे, कारण असमर्थता तुम्ही दर्शवलेली नाही. नोंद अशी असावी: "अध्यक्षपदासाठी कार्यवाह यांचे नाव सुचवण्यात आले व त्यास अनुमोदन मिळाले. त्यांनी नामनिर्देशन स्वीकारत नसल्याचे सभेत सांगितले व तसे पत्र अध्यक्षांनी वाचून दाखवले. त्यांचे नाव मतास टाकण्यात आले नाही." सूचक आणि अनुमोदक यांची पूर्ण नावे त्यात जरूर यावीत, अण्णांनी तुमचे नाव सुचवले होते हे मंडळाच्या वहीत राहू द्या. पत्राची पोच असलेली प्रत त्याच पानाला जोडा, आणि मग दप्तराची यादी करायला घ्या.